उसवलेली कनात

मी आज जो कोणी आहे तो माझ्या दाजींमुळे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, मालक. नायगावात त्यांचं बिछायत केंद्र आहे. लग्नाला, जयंतीला, मयताच्या कार्यक्रमाला लागणारा मंडप, सतरंज्या, खुर्च्या, मोठी भांडी असं सगळं ते भाड्याने देतात. आमचं गाव लोह्याकडचं. घरात कोणी सातवीच्या पुढे गेलेलं नव्हतं. दहावी झाल्यावर वडील मला कामाला लावणार होते. त्या दिवशी दाजी आमच्या घरी आले, जेवले, आणि जाताना माझी पिशवी स्वतःच्या हाताने उचलून गाडीला अडकवली. वडिलांना एवढंच म्हणाले, "ह्याला मी नेतो."

त्यांच्या गोदामात कापडाच्या गठ्ठ्यांमागे मला एक टेबल आणि बल्ब मिळाला. मंडपाच्या सुती कापडाला एक वास असतो, धूळ, घाम आणि वरणाच्या फोडणीचा. त्या वासात मी बारावी केली. पुढे नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअरिंग झालं. तिथल्या वसतिगृहात दाजी दर पंधरवड्याला अक्काच्या हातचे धपाटे घेऊन यायचे, आणि इतर पोरांना सांगायचे, "हा आमचा साला. वायरिंग शिकायलाय. आमच्या मंडपाचे लाईट ह्याच्याच हातानं लागतील." मी अग्निशमन सेवेत गेलो तेव्हा त्यांना मनापासून आनंद झाला, पण थोडा हिरमोडही झाला असावा. माझी नेमणूक झाली त्या लातूरला बंबाच्या गाडीवर पहिल्यांदा गणवेशात मला पाहिलं तेव्हा म्हणाले, "म्हणजे आम्ही लावायचं आन् तुम्ही इझवायचं."

लग्नसराईत आमच्या अग्निशमन केंद्राचा फोन जरा जास्तच वाजतो. मंडप पेटला असं कळतं तेव्हा आम्ही पोहोचेपर्यंत बहुतेक वेळा बांबूच उभे असतात. सुती कापड पेटतं, पण त्याला वेळ लागतो, आणि ते जळून राख होतं. हल्ली जे चकचकीत सॅटिन लावतात ते वितळतं. वितळताना त्याचे पेटते थेंब खाली पडतात, डोक्यावर, खांद्यावर, खुर्चीवर, आणि पडतील तिथे चिकटतात. एकदा अशा मंडपात आत शिरलो होतो. सुदैवाने माणसं आधीच बाहेर पडली होती. फोमच्या खुर्च्यांवर ते थेंब टपटप पडत होते, त्याचा आवाज पावसासारखा होता. तेव्हापासून कोणत्याही लग्नात मी आधी वर पाहतो आणि मग नवरा-नवरीकडे.

गेल्या मे महिन्यात माझ्या भाचीचं, म्हणजे अक्का-दाजींच्या एकुलत्या एका लेकीचं, लग्न होतं. आदल्या दिवशी दुपारी मी नायगावला पोहोचलो. दाजींनी मला चहासुद्धा पिऊ दिला नाही. हाताला धरून घरामागच्या मोकळ्या रानात नेलं. "बघ," म्हणाले.

त्यांनी आयुष्यात उभारलेला सर्वांत देखणा मंडप होता तो. वर छताला नवंकोरं पांढरं आणि निळं सॅटिन, चुण्या घालून लाटांसारखं सोडलेलं. रस्त्याच्या बाजूला मोठी कमान, तिच्यावर प्लास्टिकच्या फुलांच्या माळा. दुसऱ्या टोकाला मंच, मंचावर वंदनेच्या दोन प्रतिमा ठेवायचं टेबल, मागे सॅटिनचाच पडदा. चारी बाजूंनी कनात, म्हणजे कापडाची भिंत. उद्या तालुक्यातले सगळे मंडपवाले जेवायला येणार होते. आपल्या धंद्यातल्या माणसांसमोर आपल्याच लेकीचं लग्न, त्यामुळे त्यांनी काहीच हातचं राखलं नव्हतं.

मी वर पाहिलं आणि मग मंचाच्या मागे गेलो.

मंचाच्या पडद्यामागे जनरेटर होता. त्याचं धुराडं कापडापासून हातभरही लांब नव्हतं, आणि शेजारी डिझेलचे कॅन. दक्षिणेच्या कनातीला लागूनच स्वयंपाक. गॅसच्या भट्ट्या, तेलाच्या कढया आणि सिलिंडर हे सगळं एकाच कापडाखाली. त्यापलीकडे शेजारच्या शेतकऱ्याची कडब्याची गंजी. उरलेली वायर गुंडाळी करून सतरंजीखाली सारलेली. गुंडाळलेल्या वायरीतून भार गेला की ती आतल्या आत तापते, हे मी कॉलेजात शिकलो होतो. आणि चारी बाजूंनी फिरून आलो तेव्हा कळलं की आत-बाहेर जायला वाट एकच आहे, ती कमान. बाकी कनात दाभणाने सुतळी घालून खालपासून वरपर्यंत शिवलेली होती.

हे शिवणं आमच्याकडच्या मंडपवाल्यांची जुनी रीत. मे महिन्यात वावटळ उठते. सैल कनात फडफडून बांबू उपटते. शिवाय कुत्री, वासरं पंगतीत शिरतात. आणि पाहुणे सगळे कमानीतूनच आले पाहिजेत, तिथे त्यांच्यावर अत्तर शिंपडायचं, फेटा बांधायचा. कनात उघडी राहिली तर मांडव ढिला, असं लोक म्हणतात. ज्याची शिवण घट्ट, तो मंडपवाला चोख.

मी बोलायला सुरुवात केली तेव्हा दाजी हसतच होते. जनरेटर लांब न्यायला त्यांनी लगेच होकार दिला, आवाजाचाही त्रासच आहे म्हणाले. गुंडाळी सोडवून वायर पसरली. मंचावर मेणबत्त्या लागणार म्हणून मागचा आणि वरचा सॅटिनचा पडदा काढून तिथे जुनं सुती कापड लावायला सांगितलं, तेही त्यांनी कुरकुरत मान्य केलं. त्या कापडाला मी रात्रीतून बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी मारून वाळवतो म्हटलं. ते सुती कापडात मुरतं, ज्वाळा लवकर धरू देत नाही. सॅटिनवर मात्र त्याचा भरवसा नाही.

आचारी मात्र अडला. नांदेडचा जाडजूड, तोंडात कायम सुपारी. भट्ट्या मोकळ्या खळ्यावर, पत्र्याखाली न्यायच्या आणि सिलिंडर आगीपासून दूर, उघड्यावर उभे ठेवायचे म्हटल्यावर माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाला, "साहेब, पुऱ्या काय पायी चालत येणार पंगतीला? गार पुरी वाढली तर वऱ्हाडी मला कढईत टाकतील." कडब्याकडे बोट दाखवल्यावर मात्र त्याने सुपारी थुंकली. मग भट्ट्या हलवल्या. कढईजवळ झाकणं ठेवा, तेल पेटलं तर पाणी मारू नका, गॅस बंद करून झाकण घाला, असं मी सांगत होतो तेव्हा तो म्हणाला की हे त्याच्या बापाने त्याला सांगितलेलं आहे.

राहिलं छताचं सॅटिन आणि शिवलेली कनात.

छत उतरवायचं म्हटल्यावर दाजींचं हसू गेलं. आता एवढ्या छताला दुसरं धड कापड कुठून आणू, आणि आणलं तरी एका दिवसात चुण्या कशा घालू, असं त्यांचं म्हणणं. तेही खरंच होतं. मी म्हटलं, मग निदान कनात तरी उसवा. दोन्ही बाजूंना मोठ्या वाटा ठेवा. ते म्हणाले, वारं आलं तर मांडवच उडेल. मी म्हटलं, मांडव उडाला तर उडू द्या. मला बोलायचं नव्हतं ते माझ्या तोंडून गेलं.

"दाजी, हा मंडप लातुरात दुसऱ्या कोणाचा असता तर मी त्याच्याखाली एक माणूस बसू दिला नसता."

मजूर थांबले. दाजींनी हातातला सुतळीचा गुंडा खाली ठेवला आणि अगदी हळू बोलले.

"तुझं सगळं शिक्षण ह्याच कापडाच्या भाड्यावर झालं. तवा न्हाई पेटलं ते."

इथे माझा अधिकार नव्हता, माझी हद्द लातूरची. मी तिथे फक्त नवरीचा मामा होतो. अक्काने मला स्वयंपाकघरात बोलावलं, ताट पुढे ठेवलं आणि म्हणाली, "बाळा, आज अन् उद्या तेवढा साहेब होऊ नको. त्यांनी ह्या दिवसासाठी लई केलंय." मी जेवलो. नंतर मंचाचं सुती कापड भिजवत बसलो. दाजी त्या बाजूला फिरकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नांदेडहून मागवलेली दोन अग्निशामक नळकांडी मंचाजवळ आणि भट्टीजवळ ठेवली. पाण्याच्या टाक्या भरून घेतल्या, वाळूच्या बादल्या भरल्या. जनरेटर रस्त्याच्या कडेला गेल्यामुळे वायर वाढवावी लागली होती आणि तिचा जोड कमानीपाशी आला होता. नुसती टेप गुंडाळून जोडलेलं मी काढायला लावलं, जोडणीच्या पेटीत स्क्रूने पक्कं करायला लावलं, आणि जोडावर ताण येऊ नये म्हणून वायरला ढील देऊन ती पेटी बांबूला दोरीने बांधून घेतली. जनरेटरवाल्याला सांगितलं, कमानीतून मंच दिसेल असा बस, काहीही झालं, मी हात वर केला, की आधी बंद कर, कारण विचारू नको. तो म्हणाला, लग्नात अंधार केला तर मला मारतील. मी म्हटलं, मग माझं नाव सांग.

लग्न संध्याकाळचं होतं. दिवसभर हवा कोंडलेली होती. चार वाजल्यापासून पश्चिमेकडे आभाळ मळकट पिवळं झालं. वऱ्हाड आलं, कमानीत अत्तर शिंपडणं झालं, फेटे झाले. दाजी पांढऱ्या शर्टात सगळ्यांना हात जोडत होते. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. भाचीला मंचावर आणताना तिचा हात माझ्या हातात होता. तिने कानाशी विचारलं, "मामा, वर काय बघायलास सारखं? मला बघ की." मी तिच्याकडे पाहिलं. ती फार सुंदर दिसत होती. मग मी पुन्हा वर पाहिलं.

बौद्धाचार्यांनी वंदना सुरू केली. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी प्रतिमांपुढे मेणबत्त्या लावल्या. सगळे उभे राहिले. पंचशील चालू असतानाच नैऋत्येकडून वारं घुसलं. छत पोटातून फुगलं आणि बसलं. मेणबत्त्या विझल्या. लोक डोळ्यांत गेलेली धूळ चोळू लागले. दुसरा झोत आला तेव्हा कमान करकरली. तिथली फुलं नीट दिसावीत म्हणून फुलवाल्याने दुपारी माझी दोरी सोडून पेटी माळांच्या मागे सरकवली होती, हे मला नंतर कळलं. कमान हलली, वायर ताणली गेली, जोड सुटला. कडकड असा आवाज झाला आणि फुलांमध्ये एक निळी ठिणगी उडाली.

प्लास्टिकची फुलं पेटायला वेळ लागत नाही. फुलांवरून ज्वाळा छताच्या टोकाला लागली. मी हात वर केला. जनरेटर लगेच बंद झाला, तेवढ्यासाठी त्या माणसाचे मी आजही आभार मानतो. दिवे गेले, पण उजेड होता, कारण कमान जळत होती. बाहेर जायची एकुलती वाट ती. आणि आमच्या लोकांना वाट म्हणजे कमान एवढंच माहीत होतं. मागची माणसं आगीकडेच धावत निघाली.

मी मंचावरून ओरडत होतो, मागे व्हा, इकडे मंचाकडे या. कोणाला ऐकू जात नव्हतं. कमानीजवळच्या पहिल्या खणाचं सॅटिन वितळून थेंब पडू लागले. भाचीला आणि नवरदेवाला मी मंचामागच्या सुती कापडाकडे ढकललं, ते शिवलेलं नव्हतं, कोणीतरी वर उचललं, आणि मी नळकांडं घेऊन लोकांच्या उलट दिशेने निघालो. माझ्या डोक्यात तेव्हा एकच गोष्ट होती, उत्तरेची बाजू. बायका तिकडे बसल्या होत्या आणि ती कनात शिवलेली होती.

तेवढ्यात दाजींचा आवाज आला. मंडप उभारताना पार टोकावरच्या मजुराला हाक मारायचा तो आवाज.

"हिकडून, बायांनो. हिकडून निघा."

ते उत्तरेच्या कनातीपाशी उभे होते. त्यांनी सुतळीचं एक टोक ओढलं आणि कनात वरपासून खालपर्यंत सुटली. पुढे जाऊन दुसरं ओढलं, तीही सुटली. तिसरीही. अक्काच्या अंगणाकडे बैलगाडी जाईल एवढी वाट झाली, मग त्याहून मोठी. बायका, लेकरं, म्हातारी माणसं त्यातून बाहेर पडली. दाजी आतच होते. एका म्हाताऱ्या बाईचा पदर खुर्चीत अडकला होता. ती आमची चुलती, म्हणजे त्यांची चुलत सासू. तिला उठवताना छताचा एक पेटता तुकडा त्यांच्या उजव्या हातावर पडला आणि चिकटला. त्यांनी तो झटकला नाही, आधी तिला बाहेर ढकललं.

दक्षिणेची कनात शिवलेलीच होती. तिथे बसलेले पुरुष आचाऱ्याने विळ्याने ती फाडल्यावर बाहेर आले. गॅस त्याने आधीच बंद केला होता, कढयांवर झाकणं होती. कडब्यावर माणसं पाणी मारत होती. नायगावची अग्निशमन गाडी येईपर्यंत अर्धं छत गेलं. मंचाजवळ सुती कापडापाशी येऊन आग मंदावली आणि आम्ही ती विझवली. काहींना भाजलं, काहींना चेंगरल्याचा मार लागला. कोणी गेलं नाही. हे वाक्य लिहिताना आजही मी क्षणभर थांबतो.

लग्न अंगणात उभ्या-उभ्या पूर्ण झालं. दाजी तेव्हा नांदेडच्या वाटेवर होते, दवाखान्यात.

दोन दिवसांनी अक्काने मला सांगितलं. लग्नाच्या सकाळी मी उठायच्या आधी दाजी पातं घेऊन मंडपात गेले होते. उत्तरेची सगळी शिवण त्यांनी स्वतः उसवली, आणि तिथे एका ओढीत सुटेल अशी सरकगाठ मारत गेले. दक्षिणेची बाजू मात्र वाऱ्याची, ती त्यांनी उसवली नाही. मजुरांना सांगितलं, कोणी विचारलं तर म्हणा, बायांना वारं लागावं म्हणून केलंय.

दवाखान्यात भेटायला येणाऱ्या मंडपवाल्यांनाही ते तेच सांगत होते. शॉर्ट सर्किट झालं, नशीब खराब, पण वाऱ्यासाठी कनात मोकळी होती म्हणून बरं झालं. मी कॉटपाशी बसलेला असायचो. सगळे हळहळायचे, माना डोलवायचे, आणि उठून पुढच्या मंडपाची शिवण घालायला जायचे. मला ते ऐकवत नव्हतं. पण दाजींच्या तोंडावर बोलायची हिंमतही होत नव्हती, एकदा बोलून पाहिलं होतं. लातूरला परत आल्यावर मी त्यांना हे पत्र पाठवलं.

आदरणीय दाजी,

सविनय जयभीम. अक्का म्हणाली, हाताची पट्टी आता एक दिवसाआड बदलतात आणि बोटं हलतात. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम दुखला तरी करा.

फोनवर तुम्ही तब्येतीचं बोलता आणि ठेवून देता, म्हणून लिहितो. तुम्ही मला घरात घेतलंत, शिकवलंत. त्याचे आभार मी कधी नीट मानले नाहीत, कारण ते कसे मानायचे हेच मला कळलं नाही. त्या दिवशी मी मजुरांसमोर बोललो, ते एकटं गाठून बोलायला हवं होतं. पण बोललो ते खरं होतं, आणि तुम्हालाही ते खरं वाटलं, म्हणूनच तुम्ही पहाटे पातं घेऊन गेलात.

दाजी, वाऱ्यासाठी उसवली असं सांगू नका. तुम्ही भीतीने उसवलीत. लेकीला, पाहुण्यांना काही होईल या भीतीने. यात कमीपणा नाही. मी रोज त्याच भीतीने कामावर जातो. तालुक्यातले मंडपवाले माझं ऐकणार नाहीत. त्यांना वाटेल, नोकरीवाला आहे, नियम सांगतो. तुमचं ऐकतील. त्यांच्यापैकी प्रत्येकाने तुमच्याकडून एकदा तरी बांबू उसने नेले आहेत. ते पुन्हा भेटायला आले की त्यांना हात दाखवा आणि सांगा की कनात मुद्दाम उसवली होती, आणि दुसरी बाजू उसवली नाही याचं वाईट वाटतं. सरकगाठ कशी मारली तेही दाखवा. डाव्या हाताने दाखवता येईल, नाहीतर अक्काला दाखवायला सांगा, ती बघत होती.

उरलेलं सॅटिन भाड्याने देऊ नका. गोदामातलं जुनं सुती कापड धुवून ठेवा. मी पुढच्या रविवारी येतो. बोरॅक्स मी घेऊन येईन, मोठं पातेलं तुमच्याकडे आहेच. आपण दोघं मिळून ते भिजवू आणि मागच्या रानात वाळत घालू.

भाची बरी आहे. तिचा फोन आला होता. तिला अजून झोपेत आग दिसते. तिला मी सांगितलं आहे की तुझ्या बापाने कनात उसवली होती. तिला हे माहीत नव्हतं. ऐकून ती म्हणाली, पप्पांना सांग, मी रविवारी येते.

तुमचा,
साला